सहीपूर्वी व्हेंडर करार कसा तपासावा: नावे, तारखा, रकमा आणि कोऱ्या जागा

प्रश्न: बेळगावात माझे मिठाईचे छोटे दुकान आहे. कुंद्यासाठी छापील बॉक्स पुरवणाऱ्या कोल्हापूरच्या व्हेंडरने सात पानांचा इंग्रजी करार पाठवला आहे. मुदत 1 मे 2025 ते 31 मार्च 2026, महिन्याला किमान 5,000 बॉक्स, दर साडेसात रुपये, एकूण 4,50,000 रुपये, अॅडव्हान्स 20 टक्के. काही जागा कोऱ्या आहेत, 'नंतर भरू' म्हणतात. सही करण्यापूर्वी नेमके काय काय बघावे?

उत्तर:

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातील लहान कारखान्यांचे हिशेब आणि कागदपत्रे सांभाळतो. करार हातात आला की मी तो सलग वाचून समजून घेण्याच्या फंदात आधी पडत नाही. पेन्सिल घेऊन चार वेळा पाने उलटतो आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट शोधतो: आधी कोऱ्या जागा, मग नावे, मग तारखा, शेवटी रकमा. सगळे एकदम वाचू लागलो की इंग्रजी वाक्यांच्या ओघात आकडा डोळ्यांसमोरून निघून जातो, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

कोऱ्या जागांपासून सुरुवात करण्याचे कारण असे की, उरलेल्या तिन्ही गोष्टींतील चुका तेथेच दडलेल्या असतात. प्रत्येक कोऱ्या जागेला क्रमांक द्या आणि सातही पानांवर मिळून किती झाल्या ते मोजा. ठिपक्यांची किंवा रेघेची जागा लगेच दिसते, पण 'परिशिष्ट अ सोबत जोडले आहे' असे लिहून परिशिष्टच न जोडणे हीसुद्धा कोरी जागाच आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोठी. बॉक्सचे माप, पुठ्ठ्याची जाडी, छपाईचे रंग, खराब माल परत घेण्याची अट हे सारे बहुधा त्याच परिशिष्टात असते. ते हातात नसताना सही केल्यास आपण दर मान्य करतो, माल मात्र ठरलेलाच नसतो. जी जागा आपल्याला लागू नाही तिच्यावर आडवी रेघ मारून 'लागू नाही' असे लिहावे आणि शेजारी दोन्ही बाजूंची लहान सही घ्यावी. जी लागू आहे ती आजच भरून घ्यावी. 'नंतर भरू' या शब्दांवर मी कधी सही करू देत नाही.

आपल्या भागात दोन कोऱ्या जागा विशेष महत्त्वाच्या ठरतात. पहिली, वाद झाल्यास कोणत्या गावचे न्यायालय. ती नंतर 'कोल्हापूर' अशी भरली गेली, तर चार हजार रुपयांच्या खराब मालासाठीसुद्धा आपल्याला निपाणीच्या पुढे तारखांना जावे लागेल. माल बेळगावात पोहोच होणार असेल तर 'बेळगावी' असे लिहून मागण्यास चांगला आधार आहे. ज्या न्यायालयाचा व्यवहाराशी काहीच संबंध नाही, त्याला केवळ करारात लिहून अधिकार देता येत नाही, परंतु संबंध असलेल्या दोहोंपैकी एक निवडता येते. दुसरी जागा म्हणजे सही कोठे झाली ते गाव. स्टॅम्प कर्नाटकाचा लागेल की महाराष्ट्राचा, हे मुळात त्यावर अवलंबून असते, म्हणून गाव आणि स्टॅम्प एकमेकांशी जुळतात का ते पाहावे. ई-स्टॅम्पच्या कागदावर पहिल्या आणि दुसऱ्या पक्षाची नावे छापलेली असतात. ती करारातील नावांशी अक्षर न् अक्षर ताडून बघावीत, कारण घाईत तेथे दुकानाचे नाव घातलेले असते आणि करारात मालकाचे.

आता नावे. मालक एकटा असेल तर दुकानाच्या पाटीवरील नाव ही कायद्याच्या दृष्टीने वेगळी व्यक्ती नसते. करारात आपले पूर्ण नाव आणि पुढे 'अमुक दुकानाचे मालक' असे असले पाहिजे. समोरचा कोण आहे हे त्याच्या जीएसटी क्रमांकावरून बऱ्यापैकी कळते. तो पंधरा अक्षरांचा असतो: पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राला 27 आणि कर्नाटकाला 29, पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. पॅनमधील चौथे अक्षर P असेल तर ती व्यक्ती, F असेल तर भागीदारी संस्था किंवा एलएलपी, C असेल तर कंपनी. करारात 'प्रायव्हेट लिमिटेड' लिहिले आहे आणि पॅनचे चौथे अक्षर P आहे, असे दिसले तर तेथेच थांबावे, कारण नाव एकाचे आणि नोंदणी दुसऱ्याची आहे. नंतर gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये तो क्रमांक घालावा. तेथे Legal Name, Trade Name आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे तिन्ही दिसते. करारात यायला हवे ते Legal Name.

काही व्हेंडरांची कोल्हापूर आणि बेळगाव अशा दोन्हीकडे नोंदणी असते. पॅन तोच, पण सुरुवातीचे दोन आकडे वेगळे. माल आणि बिल कोल्हापूरहून येणार असेल तर क्रमांक 27 चा हवा आणि बिलात आयजीएसटी लागेल. बेळगावच्या 29 क्रमांकावरून आले तर सीजीएसटी आणि एसजीएसटी. करारात एक आणि बिलात दुसरा, असे होऊ देऊ नये. त्याच वेळी आपला स्वतःचा क्रमांकही आपल्या प्रमाणपत्राशी ताडावा. त्यात एक अक्षर चुकले आणि बिले तशीच निघत राहिली, तर भरलेला कर आपल्या खरेदीवरील कराच्या विवरणात, म्हणजे जीएसटीआर-2बी मध्ये, दिसत नाही.

आपल्याकडे नावांचा आणखी एक घोळ असतो. शाळेचा दाखला मराठीत, आधार कन्नडमध्ये आणि इंग्रजीत, बँकेचे पासबुक इंग्रजीत. 'लक्ष्मण' मधल्या 'क्ष' साठी एकाने x लिहिलेला असतो, दुसऱ्याने ksh. मी सरसकट पॅनवरील स्पेलिंग धरतो आणि करारात, स्टॅम्पवर व सहीखाली तेच ठेवतो. गावाचे नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून अधिकृतपणे 'बेळगावी' झाले असले, तरी जुन्या कागदांवर जुने स्पेलिंग सापडते. त्यामुळे करार बाद होत नाही. पिन कोड आणि पत्ता जीएसटी प्रमाणपत्राप्रमाणे असला म्हणजे पुरे. सही करणारा मालक नसून मॅनेजर असेल, तर त्याला सहीचा अधिकार देणारे पत्र किंवा कंपनी असल्यास बोर्डाचा ठराव मागावा. अॅडव्हान्स ज्या खात्यात जायचा त्याचा रद्द केलेला चेक घ्यावा आणि त्यावरचे नाव तेच आहे का ते पाहावे. मागे आमच्या ओळखीच्या एका वर्कशॉपने करार एका संस्थेशी केला आणि पैसे त्या मालकाच्या भावाच्या खात्यात भरले. पुढे माल थांबला तेव्हा 'आम्हाला पैसे मिळालेच नाहीत' असे उत्तर आले.

तारखांमध्ये सहीची तारीख, करार लागू होण्याची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख या तीन वेगळ्या असू शकतात. स्टॅम्पची तारीख सहीच्या तारखेनंतरची नसावी. 03/04/2025 असे लिहिलेले असेल तर महिना अक्षरांत लिहून घ्यावा. याशिवाय आपोआप नूतनीकरणाचे कलम शोधावे. 'मुदतीआधी 60 दिवस कळवले नाही तर करार पुढे चालू' असे असेल, तर आपल्या बाबतीत तो शेवटचा दिवस 31 मार्च नव्हे, 30 जानेवारी 2026 आहे, आणि तो आजच कॅलेंडरवर लिहावा.

रकमांची तपासणी कॅल्क्युलेटरवर करावी, डोळ्यांनी नव्हे. आपण दिलेलेच आकडे घेऊ. 5,000 बॉक्स गुणिले साडेसात म्हणजे महिन्याला 37,500 रुपये. 1 मे ते 31 मार्च हे अकरा महिने होतात, म्हणजे एकूण 4,12,500. करारात मात्र 4,50,000 आहेत, आणि ही बारा महिन्यांची रक्कम आहे. याचा अर्थ एक तर मुदत 30 एप्रिलपर्यंत ठरली होती आणि तारीख चुकली, किंवा मागच्या एखाद्या वर्षभराच्या करारातील बेरीज तशीच राहिली. अॅडव्हान्स एकूण रकमेच्या 20 टक्के असेल, तर 90,000 आणि 82,500 यांत सरळ साडेसात हजारांचा फरक पडतो. शिवाय 'किमान' खरेदी महिन्यावर मोजायची की एकूण रकमेवर, हा पुढच्या भांडणाचा मुद्दा तयार होतो. व्हेंडरला फोन करून कोणता आकडा खरा हे विचारावे आणि दुरुस्ती कागदावर करून घ्यावी.

पुढे आकड्यांतील रक्कम अक्षरांतील रकमेशी ताडावी. दीड लाखाच्या जागी अक्षरांत 'वन लाख फाइव्ह थाउजंड' छापलेले मी पाहिले आहे. चेकवर फरक पडला तर कायद्याने अक्षरे धरली जातात, करारातही न्यायालये बहुधा अक्षरांकडेच झुकतात. दर कशाचा, एका बॉक्सचा की शंभराच्या गठ्ठ्याचा, आणि तो जीएसटीसह की वेगळा, हे शब्दांत असावे. गाडीभाडे कोणाचे, हेही. उशिराच्या व्याजापुढे 2 टक्के असे असेल तर महिन्याला की वर्षाला ते पाहावे. महिन्याला असेल तर ते वर्षाचे 24 टक्के होतात.

पैसे किती दिवसांत द्यायचे ही जागा आपल्यालाच सोयीची म्हणून कोरी सोडण्याची चूक करू नये. व्हेंडर उत्पादक असून सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर 2006 च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी काही ठरले नसल्यास माल स्वीकारल्यापासून 15 दिवस धरले जातात, आणि लिहून ठरवले तरी 45 दिवसांपलीकडे जाता येत नाही. त्यानंतर लागणारे व्याज बँक दराच्या तिप्पट आणि दरमहा चक्रवाढीचे असते.

शेवटी, कराराबरोबर हमी म्हणून सही केलेला कोरा चेक मागितला असेल, तर तो देऊ नये. समोरच्याने त्यावर रक्कम भरली, तरी तो चेक देणे असलेल्या पैशांपोटीच दिला असे कायदा आधी गृहीत धरतो आणि तसे नव्हते हे आपल्याला सिद्ध करावे लागते. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटले आहे. चेक देणे भागच असेल तर नाव आणि रक्कम भरून द्यावा, आणि त्याचा क्रमांक व तो कशासाठी दिला ते करारात लिहून घ्यावे. सह्या झाल्या की प्रत्येक पानावर दोघांची लहान सही आहे ना ते पाहून, तेथून उठण्याआधीच सातही पानांचे आणि परिशिष्टाचे फोटो काढून ठेवावेत.