अठराव्या वाढदिवसाला पॉलिसी? आधी तिच्या नावावरच्या चार लाखांचं बघा

"सर, मुलगी पुढच्या महिन्यात 18 ची होतेय. पोरकट गिफ्ट नको, भाषण तर नकोच, म्हणून तिच्या नावाने पॉलिसी घेतोय. वर्षाला 50 हजार, 10 वर्षं भरायचे, 20 वर्षांनी 10 लाख गॅरंटीड. पहिले तीन हप्ते मी भरेन, पुढचे ती नोकरी लागली की भरेल, जबाबदारी पण कळेल. बरोबर ना? बाकी तिच्या नावाने इक्विटी फंडात 4 लाख आहेत, एसआयपी चालू आहे, ते मीच बघतो, तिला माहीत नाही. तीन महिन्यांनी कॉलेजची दीड लाख फी त्यातूनच भरणार."

नका घेऊ. पाच लाख भरून दहा मिळतात हे ऐकायला छान वाटतं, पण प्रत्येक हप्ता सरासरी पंधरा-साडेपंधरा वर्षं अडकून राहतो, आणि तेवढ्या वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साधारण साडेचार टक्के. त्यात वर विमा, तो पण अशा मुलीचा जिच्या कमाईवर आज घरातलं कोणीच अवलंबून नाही. आणि पाच लाखांतले दीड तुम्ही देताय, साडेतीन तिने द्यायचेत, तेही अजून न लागलेल्या नोकरीतून. चौथ्या वर्षी तिला जमलं नाही तर हप्ते बंद आणि तुम्ही भरलेल्यातलाही बराच भाग कापला जाणार. ही भेट नाही, तिला न विचारता तिच्या नावावर टाकलेला सात वर्षांचा हप्ता आहे. एजंट ओळखीचा असला तरी त्याचं कमिशन यातूनच निघतं.

पण मला खरी काळजी त्या चार लाखांची वाटते, ज्याबद्दल तुम्ही काही विचारलंच नाही.

ते पैसे तुमचे नाहीत, तिचे आहेत. तुम्ही फक्त पालक म्हणून सही करत होतात आणि ती 18 ची झाली की त्या सहीला किंमत राहत नाही. फंडवाले त्या तारखेला फोलिओ, म्हणजे तिचं फंडातलं खातं, गोठवतात, एसआयपी आपोआप थांबते, आणि मायनरचं मेजर करून घेईपर्यंत एक युनिटसुद्धा विकता येत नाही. म्हणजे तीन महिन्यांनी फी भरायला जाल तेव्हा पैसे दिसतील पण हलणार नाहीत. खूप घरांत हे तेव्हाच कळतं.

क्रम असा ठेवा. आधी तिचं बँक खातं मेजर करून घ्या, कारण फंडातले पैसे शेवटी तिथेच येणार. मग तिच्या नावाने केवायसी, तिची स्वतःची सही, बँकेने ती सही पडताळून दिलेला कागद, आणि मग फंडाचा फॉर्म. यातलं एक अडलं की पुढचं सगळं अडतं, आणि बहुतेक वेळा सही जुळत नाही म्हणूनच फॉर्म परत येतो, तेव्हा तिला एकच सही ठरवायला सांगा. एसआयपी पुन्हा तिच्याच खात्यातून सुरू करावी लागेल, तुम्हाला भर घालायची असेल तर पैसे आधी तिच्या खात्यात टाका.

फीचे दीड लाख तर वाढदिवसाच्या आधीच, तिला सांगून, काढून घ्या. तीन महिन्यांत लागणारे पैसे इक्विटीत ठेवायचेच नसतात, बाजार वीस टक्के पडला तर दीडचे एक लाख वीस होतात आणि कॉलेज तुमच्यासाठी थांबत नाही.

आता भेट. तुमच्या मनात जे आहे ते आधीच तयार आहे, फक्त तिच्या हातात द्यायचंय. उरलेले अडीच लाख तिचे आहेत हे सांगा, एका कागदावर कधी किती टाकले आणि आज किती झाले एवढंच लिहून द्या, बाकी एक ओळही नको. फॉर्म तिलाच भरू द्या. त्यात नॉमिनीचा रकाना येईल, मायनर असताना नॉमिनी ठेवता येत नाही, त्यामुळे माझ्यानंतर हे कोणाचं हे ती आयुष्यात पहिल्यांदा स्वतः ठरवेल. ते नाव तुम्ही सुचवू नका.

आणि पॉलिसीचे पहिले 50 हजार थेट तिच्या खात्यात टाका, कशाला वापरले विचारू नका. फोन घेईल, फिरायला जाईल, कदाचित फंडात टाकेल. पहिल्या महिन्यात उडवले तरी पन्नास हजारच गेले, त्या साडेतीन लाखांच्या बोजापेक्षा खूप कमी. हे जमणार नसेल, मनात सारखं विचारावंसं वाटणार असेल, तर 10 हजारच द्या पण पूर्ण द्या. जॉइंट खातं काढून लक्ष ठेवणं हा मार्ग नको, तिला ते लगेच कळतं आणि मग भेट उरत नाही.

प्रपोजल फॉर्मवर सही करून बसला असाल तर आजच फोन करून थांबवा, पॉलिसीचे कागद हातात आले असतील तर फ्री-लूकची मुदत बघून त्याच्या आत लेखी परत करा आणि पोच घ्या.