पिशवी साफ केल्यानंतरचा नववा दिवस

"नऊ आठवडे झाले होते, पण सोनोग्राफीत बाळाचे ठोके नाहीत असे सांगितले. गुरुवारी व्हॅक्यूमने पिशवी साफ करणार आहेत. पूर्ण भूल घ्यावी की जागेवरची? आणि नंतर परत दवाखान्यात कधी जावे लागते? (परभणी)"

ताई, चार वर्षांपूर्वी लातूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी मला हेच सांगितले गेले होते आणि तेव्हाही आठवडे नऊच होते. मी डॉक्टर नाही. हे केवळ माझ्या अनुभवाचे आणि नंतर मला सांभाळणाऱ्या डॉक्टर बाईंकडून समजलेले आहे, म्हणून अंतिम शब्द आपल्या डॉक्टरांचाच धरावा.

भुलेबद्दल माझे मत जागेवरच्या भुलेकडे झुकते. आधी अर्धा-एक तास वेदनाशामक गोळी देतात (आम्लपित्ताचा अल्सर किंवा दमा असल्यास ते आधीच सांगावे), मग गर्भाशयाच्या तोंडाभोवती लिग्नोकेनची इंजेक्शने देतात आणि ती बधिरता चढेपर्यंत काही मिनिटे थांबतात. प्रत्यक्ष ओढून घेण्याचे काम पाच ते दहा मिनिटांचे असते. मात्र या भुलेने तोंडाकडचा भाग बधिर होतो, वरच्या भागाच्या कळा पूर्ण जात नाहीत. शेवटी पिशवी आवळते तेव्हा पाळीच्या कळेपेक्षा जोराची एक कळ येते आणि ती पिशवी रिकामी होत असल्याची खूण असते, हे मला आधी कोणी सांगितले असते तर मी घाबरून अंग आखडले नसते. ज्यांना जागेपणी हे सहन होणार नाही असे वाटते त्यांनी गुंगीचे इंजेक्शन किंवा पूर्ण भूल घेण्यात काहीच कमीपणा नाही. तेव्हा सहा तास आधीपासून जेवण बंद, नंतर देखरेख जास्त वेळ आणि सोबत माणूस हवेच.

माझे नुकसान भुलेने झाले नाही, ते नंतरच्या दिवसांत झाले. पहिले चार दिवस रक्तस्राव कमी होत गेला. पाचव्या दिवशी तो पुन्हा वाढला आणि कळा सुरू झाल्या, म्हणून मी दिवसातून तीनदा पॅरासिटामॉल घेऊ लागले. हीच माझी मोठी चूक. त्या गोळीने दुखणे दबले आणि तापही दबला, त्यामुळे थर्मामीटर लावला की तो नेहमीसारखाच दिसे. नवव्या दिवशी स्रावाला घाण वास येऊ लागला तेव्हा मी जिथे पिशवी साफ केली होती तिथे फोन केला. काउंटरवरून उत्तर आले, "थोडे जातच असते, पंधराव्या दिवसाची तारीख दिली आहे ना, तेव्हाच या." डॉक्टरांना निरोपसुद्धा दिला गेला नाही. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची नावे होती, परंतु कोणत्या लक्षणावर ताबडतोब यावे याची एक ओळ नव्हती. यावर आजही मला संताप येतो, कारण ते दोन दिवस वाचू शकले असते.

अकराव्या दिवशी संध्याकाळची गोळी राहून गेली आणि रात्री दातखीळ बसेल अशी थंडी वाजून ताप १०१.८ वर गेला. भावजींच्या गाडीतून मला लातूरला नेले. सोनोग्राफीत आत तुकडे राहिलेले दिसले, त्यांत जंतुसंसर्ग झालेला होता. शिरेतून प्रतिजैविके दिली, पुन्हा व्हॅक्यूम केले आणि दोन रात्री ठेवून घेतले. त्या वेळी डॉक्टर बाईंनी बाहेर आलेले गाळणीत धुऊन स्वच्छ पाण्यात पाहिले आणि शेवाळासारखे तरंगणारे पांढुरके तंतू मलाही दाखवले. गर्भाचा भाग निघाला की नाही हे ओळखण्याची हीच साधी तपासणी. आपण गुरुवारी "निघालेले तपासून पाहिले का?" एवढे जरूर विचारावे.

आता परत कधी जावे. एक-दोन आठवडे थोडा थोडा रक्तस्राव आणि काही दिवस कळा येणे स्वाभाविक आहे. मात्र तासाला दोन पॅड पूर्ण भिजू लागले आणि असे सलग दोन तास चालले, ताप १००.४ च्या वर गेला, घाण वास आला, चक्कर येऊ लागली किंवा गोळी घेऊनही पोट वाढतेच दुखत राहिले, तर तारखेची वाट न पाहता जावे. आणखी एक फसवे लक्षण असते. पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत रक्त जवळजवळ थांबते आणि ओटीपोट मात्र ताठून असह्य दुखते, तेव्हा रक्त आत साठलेले असू शकते. "रक्त थांबले, बरे झाले" असे मानून घरी बसू नये. ताप मोजायचा तो पॅरासिटामॉल घेण्यापूर्वी मोजावा आणि वेळेसह लिहून ठेवावा. फोनवर काउंटरचे उत्तर समाधानकारक वाटले नाही तर स्वतः जाऊन उभे राहावे.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर इंजेक्शन लागते का हे गुरुवारच्या आधीच विचारावे. आणि पाळी चार ते आठ आठवड्यांनी येते, पण त्याआधी, दोन आठवड्यांतही, पुन्हा दिवस राहू शकतात. घरची चाचणी मात्र काही आठवडे उगीचच पॉझिटिव्ह येत राहते, म्हणून तिच्यावरून घाबरून निष्कर्ष काढू नये.