२५ वर्षांची वहिवाट म्हणजे मालकी?

प्रश्न: मुंबईला गेलेल्या चुलत्यांची जमीन आम्ही २५ वर्षं कसतोय, पीकपाहणीत वडिलांचं नाव आहे. आता ती आमची झाली का?

उत्तर: नाही, निदान एवढ्यावरून तरी नाही. मला पहिला प्रश्न पडतो, वडील त्या जमिनीत शिरले कसे? ‘मी मुंबईला आहे, तू कस’ असं चुलते म्हणाले असतील, तर तो परवानगीचा कब्जा. तो ५० वर्षं चालला तरी परवानगीचाच राहतो.

१९६३ च्या मुदत कायद्यात खाजगी जमिनीसाठी १२ वर्षं आहेत (सरकारी जमिनीला ३०), पण ती कब्जा मालकाविरुद्ध झाल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे वडिलांनी कधीतरी ‘जमीन माझी, तुमचा संबंध नाही’ असं उघड सांगितलं, चुलत्यांना ते कळलं आणि त्यानंतर सलग १२ वर्षं त्यांनी दावा लावला नाही, हे सिद्ध करावं लागेल. तो दिवस कोणता, हे दाव्यात स्पष्ट लिहावं लागतं. बहुतेक दावे इथंच कोसळतात. मध्येच खंडाचे किंवा वाट्याचे पैसे पाठवले असतील, तर त्यांची मालकी तुम्हीच मान्य केलीत.

पीकपाहणी फार तर कोण कसत होतं ते दाखवते, कुठल्या हक्कानं ते नाही.

जमीन वडिलोपार्जित आणि वाटप न झालेली असेल तर आणखी अवघड, कारण एका हिस्सेदाराचा कब्जा सगळ्यांच्या वतीनं धरतात. आणि ‘आम्ही ती तोंडी विकत घेतली होती’ असं त्याच दाव्यात जोडू नका. स्वतःला मालक म्हणायचं आणि दुसऱ्याच्या मालकीविरुद्ध कब्जाही सांगायचा, हे एकत्र टिकत नाही.