राउटरच्या स्टिकरवर शून्य आहे का ओ, हे कसं ओळखायचं

प्रश्न: राउटरच्या मागं लिहिलेला वाय-फायचा पासवर्ड जसाच्या तसा टाकतोय, तरी चुकीचा म्हणतंय. शून्य आहे का ओ, तेच कळंना. रिसेट मारू का?

रिसेट मारू नका. रिसेट केल्यावर राउटर पुन्हा स्टिकरवरच्याच पासवर्डवर येतो, म्हणजे जो वाचता येत नव्हता त्याच्यावरच. वर फायबरच्या बऱ्याच राउटरांत इंटरनेटसाठी भरलेलं युजरनेम आणि पासवर्डही पुसलं जातं. मग वाय-फाय जोडलं तरी नेट नाही, आणि केबलवाल्याची वाट बघत बसा. तरी आमच्या परभणीकडं फोन लावला की फिटिंगवाल्या पोरांचं ठरलेलं उत्तर: "टाचणी घाला न् दहा सेकंद दाबा." यावरून माझं त्यांच्याशी कायम वाजतं.

शंकेच्या अक्षराकडं नंतर बघा, आधी अख्खा पासवर्ड बघा. त्यात फक्त आकडे आणि A ते F एवढीच अक्षरं असतील, तर गोल दिसणारं ते शून्यच, कारण त्या पद्धतीत O येतच नाही. सगळी अक्षरं मोठ्या लिपीतली असतील तर उभी रेघ म्हणजे मोठा I. सगळी छोटी असतील तर उभी रेघ छोटा l, आणि उंच गोल म्हणजे शून्य, कारण छोटा o बुटका असतो. निम्मे स्टिकर एवढ्यावरच सुटतात.

खरी पंचाईत मिसळीच्या पासवर्डात होते. सेलूच्या एका किराणा दुकानातला स्टिकर दिसायला असा होता: `dR7O4Il9`. चौथं, सहावं आणि सातवं अक्षर शंकेचं. प्रत्येकाला दोन पर्याय, म्हणजे एकूण आठ जोड्या.

आता त्याच स्टिकरवर MAC लिहिलेला असतो, तो शोधा. MAC मध्ये आकडे आणि A ते F यांच्यापलीकडं काही येत नाही, त्यामुळं त्यात गोल दिसेल ते खात्रीनं शून्य. फ्लॅश बंद करून, बाजूनं उजेड पाडून स्टिकरचा फोटो काढा आणि मोठा करून दोन्ही गोल शेजारी शेजारी ताडून बघा. शून्य चिंचोळा असतो, O रुंद. दुकानातल्या पासवर्डातला गोल MAC मधल्या शून्याएवढाच चिंचोळा निघाला. आठाच्या चार जोड्या राहिल्या. मात्र "PASSWORD" या शब्दातल्या O शी ताडू नका. ते शब्द आधी छापलेले असू शकतात आणि MAC, पासवर्ड नंतर वेगळ्या मशीनवर, वेगळ्या अक्षरवळणात छापलेले असू शकतात.

रेघांचं जरा नाजूक आहे. काही वळणांत छोटा l हा d, k यांच्या दांडीएवढा उंच असतो आणि मोठा I हा R सारख्या मोठ्या अक्षराएवढा, म्हणजे किंचित बुटका. इथं सहावी रेघ R च्या डोक्याला लागत होती आणि सातवी d च्या दांडीला. पहिला प्रयत्न `dR704Il9`, आणि लागला. काही वळणांत दोन्हींची उंची सारखीच असते, तिथं ही युक्ती चालत नाही. मग कागदावर चारही लिहा आणि एकेक खोडत जा:

```
dR704Il9
dR704lI9
dR704II9
dR704ll9
```

दर वेळी फोनमधून ते नेटवर्क आधी विसरायला लावा आणि टाकताना डोळ्याचं चिन्ह दाबून अक्षरं दिसू द्या.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: स्टिकरवर क्यूआर असेल तर फोनच्या वाय-फाय सेटिंगमधून स्कॅन करा, वाचायची कटकटच नाही. आणि घरातला एखादा विंडोज लॅपटॉप आधीपासून जोडलेला असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवा (`NAME` च्या जागी तुमच्या वाय-फायचं नाव):

```
netsh wlan show profile name="NAME" key=clear
```

`Key Content` समोर पासवर्ड येतो. तो नोटपॅडमध्ये चिकटवून Consolas फॉन्ट लावला की शून्याच्या पोटात तिरकी रेघ दिसते, आणि l व I पण वेगळे ओळखू येतात.

एकदा आत शिरलात की राउटरच्या पानावर (बहुतेक `192.168.1.1`) जाऊन 0, O, 1, l, I नसलेला नवा पासवर्ड ठेवा. कमीत कमी 8 अक्षरं लागतात. बिटकॉइनच्या पत्त्यासाठी जी अक्षरमाला ठरवली तिच्यातूनही 0, O, I, l याच कारणासाठी वगळलेत. राउटर बनवणाऱ्या सगळ्यांना ते अजून का सुचत नाही देव जाणे.

सगळ्या जोड्या फसल्या तर पासवर्ड कुणीतरी आधीच बदललेला असणार. तसं असेल, आणि जोडलेलं एकही यंत्र घरात नसेल, तर मात्र रिसेट बरोबर. पण आधी केबलवाल्याकडून इंटरनेटचं युजरनेम-पासवर्ड लिहून घ्या, आणि O का शून्य तेही त्यालाच विचारा.