निबंधात आकडा घालण्याआधी मूळ प्रश्न वाचा

किशोरवयीन मुलांना मोठेपणी काय व्हायचंय, या विषयावर निबंध लिहिणारे बहुतेक नवखे विद्यार्थी एकाच वाक्याने सुरुवात करतात: ‘आजच्या मुलांना अंतराळवीर नव्हे, यूट्यूबर व्हायचंय.’ या वाक्यामागचा आकडा खेळणी बनवणाऱ्या लेगो कंपनीसाठी हॅरिस पोल या संस्थेने केलेल्या 2019 च्या पाहणीतला आहे. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये सुमारे 30 टक्के मुलांनी यूट्यूबर निवडलं, 11 टक्क्यांनी अंतराळवीर. पण ती मुलं 8 ते 12 वर्षांची होती, म्हणजे तुमच्या निबंधातला किशोरवयीन गट तो नव्हेच. शिवाय त्यांच्यापुढे पाचच पर्याय ठेवले होते: अंतराळवीर, संगीतकार, खेळाडू, शिक्षक, यूट्यूबर. डॉक्टर यादीत नव्हताच, मग तो मागे पडला असं कसं म्हणणार? त्याच पाहणीत चीनमधल्या 56 टक्के मुलांनी अंतराळवीर निवडलं, हे तर सहसा कुणी लिहितच नाही.

याच्या शेजारी पिसा या अनेक देशांत होणाऱ्या शालेय पाहणीचा प्रश्न ठेवा. त्यात 15 वर्षांच्या मुलांना विचारतात, तिशीच्या सुमारास तुम्ही कोणतं काम करत असाल असं वाटतं? पर्याय नसतात, उत्तर स्वतः लिहायचं असतं. पहिला प्रश्न इच्छेचा, दुसरा अपेक्षेचा. दोन्हींचे आकडे एका तक्त्यात घालून तुलना केलीत तर मांडणी तिथेच कोसळते.

स्वतः पाहणी करणार असाल तर दोन्ही प्रश्न विचारा, उत्तरं मोकळी ठेवा. आणि इन्फ्लुएन्सरचा उल्लेख या दोन्ही प्रश्नांनंतरच येऊ द्या. तो आधी आला, तर मुलं तेच उत्तर लिहू लागतात.