पैसे कापले गेले, पण पोहोचले नाहीत: मधल्या काही सेकंदांत काय होतं

«शनिवारी रात्री पावणेबाराला नंदुरबारच्या मिरचीवाल्यांना १४,५०० रुपये पाठवले. माझ्या खात्यातून लगेच कापले गेले, पण ॲपवर Processing दिसतंय आणि त्यांच्या खात्यात काही नाही. ते म्हणतात, पुन्हा पाठवा. एरवी दोन सेकंदांत जाणारे पैसे आत्ता नेमके आहेत तरी कुठे? मी अमळनेरची, मसाल्याचा छोटा धंदा आहे.»

ताई, आधी एवढं करा: आज पुन्हा पाठवू नका. त्या १४,५०० ला काही धोका नाही. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेत रिकॉनच्या टेबलावर बसतो. अडकलेले यूपीआय व्यवहार जुळवून देणं हेच माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही पाठवलं की त्या दोन सेकंदांत एका बँकेतून दुसऱ्या बँकेत फक्त निरोप जातात. तुमची बँक तुमच्या खात्यावर १४,५०० नावे टाकते, मिरचीवाल्यांची बँक त्यांच्या खात्यावर तेवढेच जमा दाखवते. या दोन बँकांचा आपसातला हिशोब नंतर होतो. यूपीआय चालवणारी संस्था एनपीसीआय दिवसातून अनेक वेळा सगळ्या बँकांची बेरीज-वजाबाकी काढते. समजा एका फेरीत तुमच्या बँकेचं देणं ४ कोटी आणि येणं ३ कोटी ७० लाख निघालं, तर फक्त ३० लाख हलतात, आणि तेही रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांमधून. आमच्यासारख्या लहान बँकेचं खातं तिथे थेट नसेल तर एखादी मोठी बँक प्रायोजक म्हणून मध्ये असते. आडत दुकानातल्या वहीसारखंच आहे हे. माल दिवसभर जातो-येतो, पैशाची तोंडमिळवणी ठरलेल्या वेळी होते.

आता निरोपांचा क्रम बघा, कारण तुमची अडचण त्या क्रमातच आहे.

समजा तुम्ही क्यूआर स्कॅन केला. त्या चौकोनात समोरच्याचा यूपीआय पत्ता असतो, खाते क्रमांक सहसा नसतो. तुमचं ॲप एनपीसीआयमार्फत विचारतं, हा पत्ता कुणाचा? उत्तरात आलेलं नाव पडद्यावर दिसतं. २०२५ च्या जूनअखेरपासून ॲपला बँकेच्या नोंदीतलंच नाव दाखवावं लागतं, आपण मोबाइलमध्ये सेव्ह केलेलं चालत नाही. म्हणून रक्कम टाकण्याआधी ते नाव नीट वाचायची सवय ठेवा.

मग तुम्ही पिन टाकलात. पिनची ती पाटी ॲपची नसते. ती एनपीसीआयने सगळ्या ॲपना दिलेली असते, आणि पिन तुमच्या फोनमध्येच कुलूपबंद होऊन बाहेर पडतो. ॲपवाल्यांना तो वाचता येत नाही. तो खरा की खोटा हे तुमचं खातं असलेली बँकच ठरवते.

यानंतर एनपीसीआय समोरच्याच्या ॲपमागच्या बँकेला विचारते, या पत्त्यामागचं खातं कोणतं? खातं कळलं की पहिला हुकूम तुमच्या बँकेला जातो: पिन तपासा, शिल्लक बघा, १४,५०० कापा आणि कळवा. तुमच्या बँकेचं «कापले» असं उत्तर आल्यावरच दुसरा हुकूम मिरचीवाल्यांच्या बँकेला जातो: एवढे जमा करा आणि कळवा. तिचंही उत्तर आलं की दोन्हीकडच्या ॲपना कळतं आणि हिरवी खूण दिसते. आधी कापणं, मग जमा, हा क्रम कधी उलटत नाही. आधी जमा केले आणि नंतर देणाऱ्याच्या खात्यात शिल्लकच नाही निघाली, तर तोटा कुणाच्या माथी मारायचा?

प्रत्येक उत्तराला वेळेची मर्यादा असते. पूर्वी ती ३० सेकंद होती, १६ जून २०२५ पासून कापण्या-जमा करण्याच्या निरोपांसाठी १५ सेकंद केली आहे. तेवढ्या वेळात उत्तर आलं नाही तर काय करायचं, हे उत्तर कोणाकडून यायचं राहिलं त्यावर ठरतं.

तुमच्या बँकेचंच उत्तर आलं नाही, तर प्रश्न सोपा असतो. समोर अजून काही गेलेलंच नसतं, म्हणून व्यवहार रद्द होतो आणि तुमच्या बँकेला «कापले असतील तर परत टाका» असा उलटा निरोप जातो. समोरच्या बँकेने स्पष्ट नकार दिला, म्हणजे खातं बंद आहे किंवा गोठवलेलं आहे, तरीही सोपं. पैसे बहुधा तेव्हाच माघारी येतात.

अवघड आहे ती तिसरी गत, आणि तुमच्या वर्णनावरून तुमचं तिथेच अडलंय. तुमच्या बँकेने कापले, समोरच्या बँकेला जमा करायचा निरोप गेला, आणि तिकडून हो पण नाही, नाही पण नाही. रात्री पावणेबाराची वेळही त्यातलीच. बऱ्याच बँकांचं दिवसअखेरचं काम, आम्ही डे-एंड म्हणतो ते, तेव्हा चालू असतं आणि मुख्य प्रणाली जड झालेली असते. अशा वेळी बाहेरून कुणालाच सांगता येत नाही की पैसे जमा झालेच नाहीत, की जमा झाले आणि फक्त उत्तर वाटेत राहिलं. अशात एनपीसीआयने तुमचे पैसे लगेच परत दिले आणि तिकडेही ते जमा झालेले असले, तर एकाच १४,५०० चे दोन मालक होतील.

म्हणून नियम असा आहे की अशा व्यवहाराला «झाला असं धरलेला» म्हणायचं. आमच्या भाषेत डीम्ड. तो बँकांच्या हिशोबात धरला जातो, म्हणजे त्या फेरीच्या तोंडमिळवणीत तुमच्या बँकेकडून १४,५०० वजा होतात आणि समोरच्या बँकेच्या पदरात पडतात. तुमच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर हे आहे, ताई: तुमचे पैसे आत्ता मिरचीवाल्यांच्या बँकेकडे आहेत, फक्त त्यांच्या खात्यावर चढलेले दिसत नाहीत. तुम्ही तक्रार अमळनेरच्या शाखेत केलीत तरी निकाल त्या बँकेच्या टेबलावरून यायचा असतो.

ते टेबल कसं चालतं ते सांगतो, कारण मी त्यावर बसतो. सकाळी समोर तीन याद्या असतात: एनपीसीआयची, निरोपांची ने-आण करणाऱ्या आमच्या स्विचची आणि खात्यांच्या मुख्य प्रणालीची. प्रत्येक व्यवहाराला १२ आकडी संदर्भ क्रमांक असतो, त्यावरून ओळीला ओळ लावायची. एनपीसीआयच्या यादीत डीम्ड आहे आणि आमच्या खात्यात जमा दिसतंय, तर फक्त «जमा आहे» असं कळवायचं. खात्यात जमा नाही, तर जमा करून कळवायचं. आणि जमा करणं शक्यच नसेल तर रक्कम परत पाठवायची. वाचायला सोपं वाटतं, पण हात घाईत असला की चूक होते. कापसाच्या हंगामात आमच्याकडे एका शेतकऱ्याचे पैसे असे अडकले. पैसे गेले कुठे, एवढं एकच तो शाखेत येऊन अहिराणीत विचारत होता, «पैसा कथा गयात?» त्याची तगमग बघून आमच्यातल्या एकाने यादी पूर्ण न जुळवताच हाताने रक्कम चढवली. ती प्रणालीने आधीच चढवली होती, फक्त उत्तर वेळेत गेलं नव्हतं. दुबार जमा झालेली रक्कम त्याने बियाणेवाल्याला देऊनही टाकली. ती परत मिळवायला दोन महिने गेले आणि त्या माणसाला फार मनस्ताप झाला. तेव्हापासून तिन्ही याद्या जुळल्याशिवाय मी हाताने एक रुपया चढवत नाही, समोर कोणीही उभं असो.

म्हणूनच पुन्हा पाठवू नका म्हटलं. तुम्ही आत्ता दुसरे १४,५०० पाठवलेत आणि उद्या पहिलेही त्यांच्या खात्यावर चढले, तर एकदा जमा झालेले पैसे बँक त्यांना न विचारता काढून देऊ शकत नाही. मग सगळं त्यांच्या सचोटीवर.

आता मुदत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे, दोन माणसांमधल्या अशा व्यवहारात कापलेली पण जमा न झालेली रक्कम व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत आली पाहिजे. त्यानंतर प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती मागावी लागू नये, बँकेने स्वतःहून टाकायची आहे. दिवस कॅलेंडरचा धरतात, सुट्टी वगळत नाहीत. तुमचा व्यवहार शनिवारी पावणेबाराचा, म्हणजे मुदत रविवारी रात्री बाराला संपते. मिरचीवाल्यांनी दुकानाच्या नावाचा व्यापारी क्यूआर लावलेला असेल तर मात्र हीच मुदत पाच दिवसांची होते. त्यांना विचारून घ्या, कारण या एका गोष्टीवरून लोक शाखेत उगाच भांडतात.

तोपर्यंत ॲपमध्ये तो व्यवहार उघडून १२ आकडी क्रमांक लिहून ठेवा आणि त्यांनाही पाठवा. त्यांना म्हणा, एसएमएस किंवा दुकानातल्या बोलक्या डब्यावर जाऊ नका, खात्याचा उतारा उघडून हा क्रमांक शोधा. पुष्कळदा पैसे येऊन पडलेले असतात आणि फक्त सूचना आलेली नसते. मुदत उलटली तर त्याच व्यवहाराखालून ॲपमध्ये तक्रार नोंदवा, मग तुमच्या बँकेत लेखी द्या. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं. इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन मात्र करू नका. तिथे «परतावा देतो, पिन टाका» म्हणणारे बसलेले असतात, आणि पैसे परत यायला पिन कधीच लागत नाही.

सोमवारी सकाळी तुमचा उतारा बघा. पैसे परत आले असतील तर त्याच १२ आकडी क्रमांकाची जमेची ओळ दिसेल. ती नसेल आणि ॲपवर Processing जाऊन यशस्वी आलं असेल, तर रक्कम नंदुरबारला चढली आहे. मिरचीवाल्यांना त्याच क्रमांकाने उतारा बघायला सांगा आणि मालाची पावती मागून घ्या.