लेटर, चार ओळी की व्हिडिओ? (बेलापूरची एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनची पोस्ट)

प्रश्न: जाहिरातीत लिहिलंय, "स्वतःची ओळख तुम्हाला सोयीच्या स्वरूपात पाठवा". वागळे इस्टेटला चार वर्षं अकाउंट्स केलंय, मग दोन वर्षं गॅप, आता बेलापूरच्या फ्रेट फॉरवर्डरकडे अप्लाय करतेय. पूर्ण कव्हर लेटर देऊ, चार ओळी लिहू की व्हिडिओ करू?

उत्तर:

ताई, हे वाचून लिहायला बसलेच, कारण मीपण गॅपनंतर अकाउंट्समधूनच या लाइनला आले, आणि आता आमच्या ऑफिसात जागा निघाली की आलेले मेल आधी मीच चाळते. रेझ्युमे कसा असावा ते तुम्हाला माहीत असेलच, ते सोडते.

माझं मत: एक पानाचं लेटर पीडीएफ करून जोडा, मेलमध्ये चार ओळी लिहा, व्हिडिओ नको. रेझ्युमे वाचून समोरच्याला काही प्रश्न पडतो का, एवढंच बघायचं. डॉक्युमेंटेशनमधून डॉक्युमेंटेशनलाच जाणाऱ्याला शंभरेक शब्दांची नोट पुरते, त्याचं लांब लेटर कोणी वाचत नाही. तुमच्या बाबतीत दोन प्रश्न पडणारच, लाइन का बदलताय आणि दोन वर्षं काय केलं. हे चार ओळींत कोंबलं की सारवासारव केल्यासारखं वाटतं, म्हणून अडीचशे-तीनशे शब्द घ्या.

पण ते शब्द गॅपवर घालवू नका, गॅपला एक वाक्य बास. बाकी सगळं तुमचं अकाउंट्स त्यांच्या कामाला कसं येतं यावर. उदा. जुन्या कंपनीत एक्स्पोर्ट इन्व्हॉइस होत असतील तर GSTR-1 च्या टेबल 6A मध्ये इन्व्हॉइस नंबर, शिपिंग बिल नंबर, तारीख आणि पोर्ट कोड तुम्ही भरलाच असेल, न्हावा शेवाचा INNSA1. तिथला इन्व्हॉइस नंबर शिपिंग बिलावरच्या नंबराशी जुळला नाही की आयजीएसटीचा रिफंड अडकतो. हे तुम्ही कधी निस्तरलं असेल तर लेटरचा पहिला परिच्छेद तोच करा. डॉक्युमेंटेशन म्हणजे इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग यातले आकडे आणि नावं एकमेकांशी जुळवत बसणं, आणि जुळवणारा माणूस अशा परिच्छेदातून लगेच ओळखू येतो. नसेल केलं तर लिहू नका हां, इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न त्यावरच येईल.

आता व्हिडिओ. ठाण्यातल्या एका प्लेसमेंटवाल्यांनी (नाव घेत नाही) माझ्या वेळी सगळ्यांना सांगितलं होतं की हल्ली व्हिडिओच चालतो. शूटिंगचे पैसे वेगळे घेतले, लेटर काढून टाकलं, आणि व्हिडिओ स्वतःच्या गूगल ड्राइव्हवर ठेवून कंपन्यांना रेझ्युमेबरोबर नुसती लिंक पाठवली. जीमेलला २५ एमबीच्या वरची फाइल जोडता येत नाही, म्हणून लिंक. ती लिंक होती Restricted. समोरच्याने उघडली की परवानगी मागा असं येतं आणि ती रिक्वेस्ट फाइलच्या मालकाला जाते, म्हणजे त्या ऑफिसला, मला नाही. त्यांनी ते मेल उघडलेच नाहीत. मी महिनोन् महिने समजत होते की गॅपमुळे नकार येतोय, आणि इकडे माझी ओळख कोणी बघितलेलीच नव्हती. शेवटी महापेच्या एका कंपनीने रेझ्युमेवरच्या नंबरवर फोन करून विचारलं, मॅडम तुमची फाइल उघडत नाहीये, तेव्हा कळलं. विचारायला गेले तर म्हणे सिस्टीमचा प्रॉब्लेम आहे, आणि पैसे परत नाहीत. अजूनही चीड येते, मुली उधार उसनवार करून पैसे भरत होत्या तिथे. तुमची ओळख तुमच्याच मेलवरून जाऊ द्या, मध्ये कोणी नको.

लिंक उघडली तरी व्हिडिओ पूर्ण वेळ देऊन बघावा लागतो, लेटर नजरेखालून पटकन जातं आणि साहेबांना फॉरवर्ड होतं. आमच्याकडे तर अर्ध्या डेस्कटॉपना स्पीकर नाहीत. सेल्स, ट्रेनिंग, कस्टमर सपोर्ट अशा बोलण्याच्या कामाला व्हिडिओचा खरंच उपयोग होतो, तिथे मी नाही म्हणणार नाही. (हे सगळं आमच्या भागातल्या छोट्या-मध्यम ऑफिसांवरून सांगतेय, मोठ्या कंपन्यांच्या पोर्टलचं वेगळं असू शकतं.) तरीही पाठवायचाच असेल तर सव्वा-दीड मिनिटाच्या आत ठेवा, ड्राइव्हवर Anyone with the link आणि Viewer करा, मग इनकॉग्निटो विंडोत लॉगिन न करता लिंक उघडून बघा. आणि मुद्दे मेलमध्ये लिहून द्याच, व्हिडिओ कोणी नाही बघितला तरी काही अडू नये.

अजून एक, पीडीएफच्या नावात तुमचं नाव आणि पोस्ट टाका, coverletter_final नावाच्या फाइल्स आमच्याकडे ढिगाने येतात आणि डाउनलोड केल्यावर कुठली कोणाची ते कळत नाही.

जुन्या कंपनीत एक्स्पोर्टची बिलं होती का ते इथे सांगा, पहिला परिच्छेद लिहून टाकलात तर मी बघून देते.